आधी हिमोग्लोबिन १४, दुसऱ्या दिवशी ९.८: अपघातानंतरच्या दोन रिपोर्टमध्ये एवढा फरक का पडतो?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर शिरूर आहे आणि पुणे-सोलापूर महामार्गापासून जवळच दौंड. भीमेच्या दोन बाजूंच्या या दोन तालुक्यांत रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीकडे जाणारी अवजड वाहनं, शिफ्टला निघालेल्या दुचाकी आणि गळीत हंगामात उसानं भरलेल्या ट्रॉल्या एकाच रस्त्यावर असतात. इथल्या गंभीर अपघातातल्या जखमीचा प्रवास बऱ्याचदा दोन टप्प्यांत होतो. आधी जवळचं रुग्णालय, तिथे पट्टी, सलाईन आणि रक्ताची तपासणी. मग ॲम्ब्युलन्सनं पुणे, म्हणजे साधारण ७० ते ८० किलोमीटर.

त्यामुळे नातेवाइकांच्या हातात दोन रिपोर्ट येतात. पहिल्यावर लिहिलेलं असतं, हिमोग्लोबिन १४. काही तासांनंतरच्या रिपोर्टवर १२. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी १०च्याही खाली.

इथून पुढे काय होतं, हे सोशल मीडियावर असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. दोन्ही रिपोर्टचे फोटो शेजारी-शेजारी लावून पोस्ट फिरू लागते. 'आणला तेव्हा तर सगळं नॉर्मल होतं, मग रक्त गेलं कुठे?' कुणी पहिल्या लॅबला दोष देतं, कुणी ॲम्ब्युलन्सला, तर कुणी म्हणतं की पुण्यात गेल्यावरच काहीतरी बिघडलं.

काही वेळा चूक झालेलीही असू शकते. पण फक्त हे दोन आकडे बघून ते ठरवता येत नाही. कारण दोन्ही रिपोर्ट अगदी बरोबर असू शकतात, आणि दरम्यानच्या काळात रक्ताचा एक थेंबही जास्तीचा गेलेला नसू शकतो.

हे कसं शक्य आहे? समजून घेऊया.

हिमोग्लोबिनचा आकडा नेमकं काय मोजतो?

सगळा गोंधळ इथेच आहे. हिमोग्लोबिन १४ म्हणजे शरीरात भरपूर रक्त आहे, असं आपण धरून चालतो. पण हा आकडा रक्त किती आहे हे सांगतच नाही. रक्त किती दाट आहे, तेवढंच तो सांगतो. रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी 'ग्रॅम प्रति डेसिलिटर' असं एकक असतं. डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. म्हणजे तुमच्या रक्तातलं १०० मिलिलिटर बाजूला काढलं, तर त्यात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन सापडेल, एवढाच त्याचा अर्थ.

जगभर कोकम सरबत केलंय असं समजा. त्यातले दोन ग्लास सांडले. जगमध्ये सरबत कमी झालं, पण उरलेल्याची चव घेतली तर ती तेवढीच आंबट-गोड लागेल. चवीवरून सरबत सांडलंय हे कुणालाही ओळखता येणार नाही. आता जग पुन्हा भरलेला दिसावा म्हणून त्यात दोन ग्लास पाणी ओतलं. जग भरला, पण चव पांचट झाली. सरबत सांडलं होतं आधी, चव उतरली नंतर.

रक्तस्रावात हेच होतं. जखमेतून फक्त लाल पेशी किंवा फक्त पाणी वाहून जात नाही, तर अख्खं रक्त जातं. लाल पेशी आणि त्या ज्यात तरंगतात तो पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, दोन्ही त्याच प्रमाणात कमी होतात. म्हणून जे रक्त आत उरतं, त्याचा दाटपणा पहिल्यासारखाच राहतो. लॅबचं मशीन तो दाटपणा मोजतं आणि खरं तेच सांगतं: १४.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खाली 'हिमॅटोक्रिट' किंवा 'पीसीव्ही' नावाचा आकडा असतो. रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के आहे, हे तो सांगतो. तोही प्रमाणच मोजत असल्यामुळे त्याचीही गत हीच होते.

एक हिशोब करून बघू

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाटसहून दौंडकडे निघालेला ३० वर्षांचा तरुण. वजन ७० किलो. संध्याकाळी साडेसातला त्याची दुचाकी अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. बाहेरून खरचटलंय, बरगड्या दुखतायत, शुद्धीवर आहे, बोलतोय. पण हँडलचा मार पोटाच्या डाव्या बाजूला बसून आतली प्लीहा फाटली आहे आणि पोटात रक्त साचतंय. बाहेर एक थेंबही दिसत नाही.

मोठ्या माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे याच्या अंगात जवळपास ५ लिटर. हिमोग्लोबिन १४ असेल तर ५ लिटरमध्ये एकूण हिमोग्लोबिन झालं ७०० ग्रॅम.

पहिल्या अर्ध्या तासात त्याचं दीड लिटर रक्त पोटात गेलं असं धरू. म्हणजे एकूण रक्ताच्या ३० टक्के. त्या दीड लिटरबरोबर २१० ग्रॅम हिमोग्लोबिनही गेलं. उरलं ४९० ग्रॅम, साडेतीन लिटर रक्तात. भागाकार करा: पुन्हा १४ येतात.

रात्री आठ वाजता जवळच्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याचा रिपोर्ट म्हणूनच १४ येतो. तीस टक्के रक्त गेलेल्या माणसाचा रिपोर्ट 'नॉर्मल'.

तिथे त्याला एक लिटर सलाईन लावलं जातं आणि पुण्याला पाठवलं जातं. साडेदहाला पुण्यात दुसरी तपासणी होते. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शिरेतून दिलेलं सलाईन सगळं रक्तवाहिन्यांत टिकत नाही. तासाभरात त्यातला मोठा भाग वाहिन्यांच्या भिंतींतून आजूबाजूच्या ऊतींमध्ये उतरतो. ढोबळमानानं पाव भागच रक्तात राहतो, म्हणजे एक लिटरमधलं २५० मिलिलिटर. शिवाय मधल्या अडीच तासांत शरीरानं स्वतःच ऊतींमधलं पाणी रक्तात ओढलेलं असतं. ते साधारण ३५० मिलिलिटर धरू. दोन्ही मिळून ६०० मिलिलिटर पाणी रक्तात आलं. साडेतीन लिटरचे झाले ४.१ लिटर. हिमोग्लोबिन तेवढंच, ४९० ग्रॅम. नवा रिपोर्ट: १२.

पुढच्या दोन दिवसांत रक्ताचं आकारमान पुन्हा ५ लिटरवर येतं. हिशोब सोपा राहावा म्हणून मधे रक्ताची पिशवी दिली नाही असं धरू. आता ४९० ग्रॅम हिमोग्लोबिन ५ लिटरमध्ये पसरलेलं आहे. रिपोर्ट: ९.८.

१४, १२, ९.८. वाचणाऱ्याला वाटेल की रुग्ण दर रिपोर्टला खालावत गेला. प्रत्यक्षात या हिशोबात सगळा रक्तस्राव पहिला रिपोर्ट येण्याआधीच झाला होता. पुढचे दोन रिपोर्ट त्या आधीच झालेल्या नुकसानाची उशिरा आलेली बातमी आहेत.

शरीर हे पाणी आणतं कुठून?

सलाईन लावलंच नाही तरी आकडा उतरतो, फक्त सावकाश.

आपल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांत, म्हणजे केशवाहिन्यांत, दोन ओढी एकमेकींविरुद्ध चालू असतात. रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो, तर प्लाझ्मातली प्रथिनं पाण्याला आत धरून ठेवतात. एरवी या दोघांचा समतोल असतो. रक्त गेलं की केशवाहिन्यांतला दाब उतरतो. बाहेर ढकलणारी ओढ ढिली पडते, आत खेचणारी तशीच राहते. मग पेशींच्या अवतीभवतीचं पाणी रक्तवाहिन्यांत शिरू लागतं. त्याच वेळी मूत्रपिंडं मीठ आणि पाणी राखून ठेवतात म्हणून लघवी कमी होते, आणि तहान लागते. अपघातग्रस्त माणूस वारंवार पाणी मागतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

ही दुरुस्ती झटपट होत नाही. पाण्याची भर पहिल्या मिनिटांपासून पडू लागते, पण ती पूर्ण व्हायला साधारण १२ ते ७२ तास लागू शकतात. लाल पेशी मात्र अशा कुठून ओढून आणता येत नाहीत. त्या हाडांतल्या मगजात नव्यानं तयार व्हाव्या लागतात आणि त्याला आठवडे लागतात.

रक्तदान शिबिरात हा प्रयोग आपल्यावरच होतो. दात्याचं हिमोग्लोबिन किमान १२.५ असावं लागतं आणि एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतलं जातं. पिशवी भरल्यावर लगेच तपासलं तर हिमोग्लोबिन जवळपास तेवढंच दिसेल. दोन दिवसांनी तपासलं तर थोडं उतरलेलं असेल. त्या दोन दिवसांत दात्याचं आणखी रक्त गेलेलं नसतं, फक्त पाण्याची भरपाई झालेली असते. पेशींची भरपाई व्हावी म्हणूनच पुढच्या रक्तदानासाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस थांबावं लागतं.

सलाईननं रक्त पातळ होतं, तर मग ते लावतात कशाला?

पोस्टखालच्या कमेंट्समध्ये हा प्रश्न हमखास दिसतो. 'सलाईन चढवून चढवून रक्ताचं पाणी केलं.'

आपल्या उदाहरणातल्या तरुणाचं रक्त आठ वाजता अगदी दाट होतं, तरीही तो धोक्यात होता. कारण अवयवांना ऑक्सिजन पोचवायला रक्त दाट असून भागत नाही, ते फिरावंही लागतं. हृदयाकडे परत येणारं रक्तच कमी झालं, तर प्रत्येक ठोक्याला पुढे ढकलायला रक्त उरत नाही. ट्रकमध्ये माल पूर्ण भरलेला आहे, पण फेऱ्याच निम्म्या झाल्या, अशी ती अवस्था असते. थोडं सलाईन दिलं की वाहिन्या भरतात, हृदयाला ढकलायला काहीतरी मिळतं आणि फेऱ्या वाढतात. प्रत्येक फेरीत माल थोडा कमी असला तरी एकूण माल जास्त पोचू शकतो. बऱ्याच निरोगी माणसांचं शरीर काही काळ ९ किंवा १० हिमोग्लोबिनवर तग धरतं. रक्ताचं आकारमान एकदम ४० टक्क्यांनी घटलं, तर मात्र हिमोग्लोबिन १४ असूनही जीव जाऊ शकतो.

पण याला मर्यादा आहे आणि ती महत्त्वाची आहे. सलाईनमध्ये लाल पेशी नसतात, तसे रक्त गोठवणारे घटकही नसतात. ते भरमसाट दिलं तर गोठवणारे घटक विरळ होतात, थंड सलाईननं शरीराचं तापमान उतरतं, आणि दाब वाढल्यामुळे नुकतीच धरलेली गुठळी सुटून रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून पूर्वी सर्रास दोन लिटर सलाईन सुरुवातीलाच दिलं जायचं, ते आता अपघाताच्या उपचारांत एक लिटरच्या आसपास आवरतं घेतलं जातं. त्यानंतरही गरज असेल तर रक्त आणि प्लाझ्मा लवकर सुरू करणं आणि वाहणारी जागा बंद करणं, हा खरा उपाय. जिथे रक्ताची सोय नाही, तिथून लवकर पुढे पाठवण्याची घाई त्यासाठीच असते.

मग पहिला रिपोर्ट निरुपयोगी असतो का?

नाही. पण तो एकाच दिशेनं वाचायचा असतो.

पहिलं हिमोग्लोबिन नॉर्मल आलं, तर त्यावरून रक्तस्राव नाही असं म्हणता येत नाही. ते कमी आलं, तर मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. अपघाताला अर्धा तासही झालेला नसताना आकडा ९ आला, तर एक शक्यता अशी की रक्त इतकं वेगानं गेलंय की शरीरानं घाईघाईनं पाणी ओढायला सुरुवात केली आहे. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दाखल झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात हिमोग्लोबिन १० किंवा त्याहून कमी असलेल्या जखमींना रक्तस्राव थांबवण्यासाठी शस्त्रक्रियेसारखे उपचार लागण्याची शक्यता जास्त दिसली होती. म्हणजे 'पहिल्या काही तासांत आकडा कधीच उतरत नाही' असंही नाही. मोठ्या रक्तस्रावात तो लवकर उतरायला लागतो, फक्त जेवढं रक्त गेलंय तेवढा उतरलेला नसतो.

दुसरी अडचण म्हणजे माणसाचा आधीचा आकडा माहीत नसतो. ज्याचं हिमोग्लोबिन एरवी १६ असतं, त्याला १३ आले तर रिपोर्टवर लाल खूण येणार नाही, पण त्याच्यासाठी तो मोठा उतार आहे. उलट, आधीपासूनच अशक्त असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन नेहमीच ९ असू शकतं. तिच्या ९चा अपघाताशी संबंध नसेलही. पण तिच्याकडे गमावण्यासाठी मुळातच कमी शिल्लक असते.

आणि तिसरी, अगदी साधी चूक. ज्या हाताला सलाईन सुरू आहे, त्याच हातातून सुईच्या वरच्या बाजूला रक्त काढलं, तर नमुन्यात सलाईन मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. अचानक विचित्र रिपोर्ट आला तर दुसऱ्या हातातून नमुना घेऊन तो पुन्हा तपासतात, त्याचं कारण हेच.

डॉक्टर मग कशावरून ओळखतात?

आठ वाजताच्या त्या तरुणाकडे पुन्हा जाऊ. हिमोग्लोबिन १४. पण नाडी मिनिटाला ११८. बीपी वरचं १०८. हात-पाय गार, अंगाला घाम, थोडी बेचैनी. नखावर दाबून सोडलं तर गुलाबीपणा परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतोय.

रक्त कमी झालं की शरीर आधी हृदयाचे ठोके वाढवतं आणि कातडीकडच्या वाहिन्या आवळून मेंदू-हृदयाकडे रक्त वळवतं. त्यामुळे तरुण माणसाचं बीपी बराच वेळ टिकून राहतं. १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत अनेकदा फक्त नाडीच वाढलेली दिसते. ३० टक्क्यांच्या पुढे बीपी घसरायला लागतं. म्हणजे बीपी पडलं तेव्हा रक्तस्राव सुरू झाला असं नसतं, तर शरीराची सांभाळून घेण्याची ताकद तेव्हा संपलेली असते.

यासाठी एक सोपा भागाकार वापरला जातो. नाडीला वरच्या बीपीनं भागायचं. याला 'शॉक इंडेक्स' म्हणतात. निरोगी माणसात तो ०.५ ते ०.७च्या आसपास असतो. ०.९च्या वर गेला तर काळजीचं कारण. आपल्या तरुणाचा ११८ भागिले १०८, म्हणजे जवळपास १.१. नाडीकडे एकटीकडे बघितलं तर 'घाबरलाय म्हणून वाढली असेल' असं वाटू शकतं. बीपीकडे एकट्याकडे बघितलं तर ते ठीक वाटतं. दोन्ही शेजारी ठेवले की चित्र बदलतं.

यानंतर छाती-पोटाची झटपट सोनोग्राफी केली जाते. पोटात किंवा छातीत रक्त साचलंय का, हे त्यात काही मिनिटांत दिसू शकतं. रक्तातलं लॅक्टेट तपासता आलं तर ऊतींना ऑक्सिजन पुरतोय की नाही याचा अंदाज येतो, आणि हा आकडा हिमोग्लोबिनपेक्षा लवकर बदलतो. लघवीचं प्रमाणही मोजलं जातं.

या खुणांनाही अपवाद आहेत. बीपीसाठी किंवा हृदयासाठी ठोके मंद ठेवणाऱ्या गोळ्या, ज्यांना बीटा-ब्लॉकर म्हणतात, त्या घेणाऱ्या माणसाची नाडी रक्त जात असूनही वाढत नाही. गरोदरपणात शरीरातलं रक्त बरंच वाढलेलं असतं, त्यामुळे बाळंतपणातल्या रक्तस्रावात बाई बराच वेळ ठीक दिसते आणि मग अचानक ढासळते. तिथेही प्रसूतीनंतर लगेच केलेल्या हिमोग्लोबिनवर विसंबता येत नाही. प्रत्यक्ष किती रक्त गेलं ते मोजणं आणि नाडी-बीपी बघत राहणं, हेच कामाला येतं.

आकडा उतरला, पण रक्तस्राव थांबलाय की सुरूच आहे?

नातेवाइकांना रात्रभर जागं ठेवणारा प्रश्न हाच असतो. याचं उत्तर एका रिपोर्टमध्ये नसतं. दर काही तासांनी पुन्हा-पुन्हा केलेल्या तपासण्या आणि रुग्णाची अवस्था एकत्र वाचावी लागते.

आपल्या हिशोबात दीड लिटर रक्त गेलं आणि मग थांबलं, तर आकडा ९.८च्या आसपास येऊन स्थिर व्हायला हवा. नाडी हळूहळू ९०च्या खाली येईल, हात-पाय गरम होतील, लघवी सुटेल. अशा वेळी आकडा १२वरून ९.८वर आला तरी डॉक्टर शांत असतात. तो उतार अपेक्षित असतो.

आता वेगळी शक्यता घ्या. साडेदहाला रिपोर्ट १२ होता आणि त्यानंतर आणखी एक लिटर रक्त गेलं. त्या लिटरबरोबर १२० ग्रॅम हिमोग्लोबिन गेलं, उरलं ३७० ग्रॅम. रक्ताचं आकारमान ५ लिटरवर आलं की रिपोर्ट येईल ७.४. हा उतार फक्त पाण्यानं समजावून सांगता येत नाही. पण ७.४ कागदावर दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. त्याआधीच नाडी पुन्हा वाढायला लागते, सलाईन दिल्यावर सुधारलेलं बीपी थोड्या वेळात परत घसरतं, पोट फुगू लागतं. सलाईन दिल्यावर रुग्ण सुधारला आणि तसाच राहिला, सुधारून परत खालावला, की सुधारलाच नाही, या तीन उत्तरांवर शस्त्रक्रियेचा निर्णय बऱ्याच अंशी ठरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात रक्त कुठूनतरी अजून जातंय असंच धरलं जातं.

रक्ताची पिशवी दिली असेल तर हिशोब आणखी बदलतो. लाल पेशींच्या एका पिशवीनं मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमनं वाढतं. दोन पिशव्या देऊनही आकडा जागचा हलला नाही, तर 'रक्त चढवलं तरी लागू पडलं नाही' असं म्हणण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात: पाण्याची भर अजून पडतेय, की रक्तस्राव सुरू आहे?

तुमच्या हातात काय आहे?

अपघातानंतर रुग्णाबरोबर तुम्हीच असाल, तर तुमच्याकडची काही माहिती पुढच्या डॉक्टरसाठी फार मोलाची ठरते. अपघात किती वाजता झाला. पहिला नमुना किती वाजता घेतला, आणि सलाईन लावण्याआधी की नंतर. वाटेत एकूण किती सलाईन गेलं. रुग्ण बीपीची, हृदयाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेतो का. आधीचा एखादा रक्ताचा रिपोर्ट मोबाइलमध्ये असेल तर तो दाखवा, कारण त्यातूनच त्याचा नेहमीचा आकडा कळतो. पहिल्या रुग्णालयानं दिलेली चिठ्ठी, ज्यावर नाडी-बीपी वेळेसकट लिहिलेलं असतं, ती हरवू देऊ नका. हिमोग्लोबिनच्या रिपोर्टपेक्षा त्या चिठ्ठीत जास्त माहिती असू शकते.

आणि मार बसलेला माणूस 'मला काही झालं नाही' म्हणत घरी निघाला असेल, पहिला रिपोर्टही नॉर्मल असेल, पण त्याला उभं राहिल्यावर चक्कर येतेय, घाम फुटतोय, सारखी तहान लागतेय, पोट किंवा डावा खांदा दुखतोय, तर रिपोर्टवर विश्वास ठेवून घरी नेऊ नका. प्लीहेच्या जखमेत पोटातलं रक्त वरच्या पडद्याला लागतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. अशा वेळी १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना सरळ विचारा: 'नाडी किती आहे? सोनोग्राफी झाली का? हिमोग्लोबिन पुन्हा कधी तपासणार?'

दोन रिपोर्टचा फोटो पुढच्या वेळी तुमच्या ग्रुपवर आला, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी शोधा. दोन्ही नमुन्यांच्या वेळा काय होत्या, मधे किती सलाईन गेलं आणि त्या-त्या वेळी नाडी-बीपी काय होतं. चूक झालीच असेल, तर ती बहुतेक वेळा याच तीन नोंदींमध्ये सापडेल. १४ आणि ९.८ या दोन आकड्यांच्या फरकात ती दिसणार नाही.